डावा डोळा की डावी बाजू? नजरेच्या वाटेवर नेमकं कुठे अडलं, ते कसं कळतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या आमच्या ओपीडीत नजरेची तक्रार घेऊन येणारे पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि ऑप्टोमेट्री शिकणारी मुलं जे प्रश्न मेसेजवर पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न कुणालाही समजतील असे आहेत. पुढे फील्ड टेस्टचा, म्हणजे नजर सरळ ठेवून आजूबाजूचं कुठवर दिसतं हे मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात धरून विचारलेले प्रश्न आहेत.

१. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही असं वाटतंय. खरंच डोळ्यातच दोष आहे का?

आधी एक गोष्ट करून बघा. ज्या कॅलेंडरवर वारांची नावं डाव्या कडेला उभी छापलेली असतात, असं कॅलेंडर भिंतीवर असेल तर त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभे राहा. मधल्या एका तारखेवर नजर खिळवा. डावा डोळा तळहाताने झाका. बोटांनी झाकू नका, फटीतून दिसत राहतं. आता उजव्या डोळ्याने वारांची नावं तिथे आहेत हे जाणवतंय का ते बघा. अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल. मग उजवा डोळा झाकून तेच करा.

उजव्याने सगळं कॅलेंडर दिसलं आणि डाव्याने अंधुक किंवा अर्धवट दिसलं, तर दोष डाव्या डोळ्यात किंवा त्याच्या ऑप्टिक नर्व्हमध्ये आहे. पण दोन्ही वेळा डावीकडचे वारच गायब झाले, तर डोळे बहुधा ठीक आहेत. अडथळा मेंदूच्या उजव्या बाजूला आहे.

डावी बाजू गेलेले बहुतेक पेशंट "डावा डोळा गेला" असंच सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. एका डोळ्याला नाकाच्या बाजूला साधारण ६० अंशांपर्यंत दिसतं, कानाच्या बाजूला ९० किंवा थोडं जास्त. दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी नजर गेली की डाव्या डोळ्याचा मोठा हिस्सा जातो आणि उजव्याचा लहान. म्हणून दोष डाव्या डोळ्यालाच लागतो. त्यासाठीच एकेक डोळा झाकून बघायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवून हा फरक कधीच कळत नाही.

२. उजव्या डोळ्याचं सगळं डाव्या मेंदूत जातं ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर झाला की पुढचं सगळं सोपं होतं. मेंदू डोळ्यांची वाटणी करत नाही, समोरच्या जगाची करतो. जिथे बघताय त्या बिंदूतून एक उभी रेष काढा. रेषेच्या डावीकडचं सगळं, मग ते कोणत्याही डोळ्याने बघितलेलं असो, उजव्या मेंदूत जातं. उजवीकडचं डाव्या मेंदूत.

हे घडतं कसं? डोळ्याच्या भिंगामुळे डावीकडचं चित्र पडद्याच्या उजव्या अर्ध्यावर पडतं. प्रत्येक पडद्यातून दहा-बारा लाख तंतू निघतात आणि त्यांची ऑप्टिक नर्व्ह बनते. दोन्ही नर्व्ह मेंदूच्या तळाशी, पिच्युटरी ग्रंथीच्या साधारण एक सेंटिमीटर वर एकत्र येतात. त्या जागेला कायाझम म्हणतात. पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्यातून आलेले तंतू तिथे पलीकडे जातात, कानाकडच्या अर्ध्यातले आपल्याच बाजूला राहतात. पलीकडे जाणारे निम्म्याहून किंचित जास्त असतात.

कायाझमच्या मागे या गठ्ठ्याला ऑप्टिक ट्रॅक्ट म्हणतात. ट्रॅक्ट मेंदूच्या मध्यभागातल्या एका सहा थरांच्या ठाण्यावर येतो, त्याचं नाव लॅटरल जेनिक्युलेट बॉडी. तिथून नवे तंतू पंख्यासारखे पसरत डोक्याच्या मागच्या टोकाला, ऑक्सिपिटल कॉर्टेक्समध्ये पोचतात. या पंख्याला ऑप्टिक रेडिएशन म्हणतात.

बाहुली लहान-मोठी करणारे तंतू मात्र या ठाण्याच्या आधीच वेगळे होतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न ६ मध्ये ती कामाला येईल.

३. फक्त एका ऑप्टिक नर्व्हला इजा झाली तर काय जातं?

त्याच एका डोळ्याची नजर जाते, आणि रिकामी जागा उभ्या रेषेला जुमानत नाही. नर्व्हला सूज आली असेल तर बऱ्याचदा नेमका मधला भाग जातो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण त्याचे कान आणि खांदे दिसतात. लाल रंग विटकरी किंवा फिकट वाटतो. डोळा हलवताना दुखतो. नर्व्हच्या डोळ्याकडच्या टोकाचा रक्तपुरवठा बंद पडला असेल, तर वरचा किंवा खालचा अर्धा भाग जातो आणि कड आडवी असते. काचबिंदूतही नुकसान आडव्या रेषेला धरून दिसतं. आडवी कड दिसली की आपण नर्व्ह किंवा पडदा तपासतो, उभी कड दिसली की कायाझम आणि त्याच्या मागे शोधतो. रिपोर्ट वाचताना मी पहिल्यांदा हेच बघते.

ओपीडीत नर्व्हचा दोष टॉर्चने पकडता येतो. प्रकाश चांगल्या डोळ्यावर टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच टॉर्च झटकन आजारी डोळ्यावर नेला की त्या आकसायच्या ऐवजी मोठ्या होतात, कारण मेंदूपर्यंत उजेडाची खबर कमी पोचते. मोतीबिंदूने असं होत नाही. म्हणून "मोतीबिंदू असेल" असं म्हणण्याआधी हे दोन मिनिटांचं काम झालंच पाहिजे.

४. पिच्युटरीच्या गाठीने दोन्ही कानांकडचंच दिसायचं का बंद होतं?

गाठ खालून वर वाढते आणि कायाझमच्या मधोमध दाब देते. तिथे नेमके पलीकडे जाणारे तंतू असतात, म्हणजे दोन्ही पडद्यांच्या नाकाकडच्या अर्ध्यातले. त्या अर्ध्यावर कानाकडचं जग उमटतं. म्हणून उजव्या डोळ्याची उजवी बाजू आणि डाव्या डोळ्याची डावी बाजू जाते. दाब खालून येत असल्याने सुरुवात वरच्या कोपऱ्यांपासून होते. क्रेनिओफॅरिंजिओमासारखी गाठ वरून दाबते, तेव्हा बहुधा खालचे कोपरे आधी जातात.

गोची अशी की दोन्ही डोळे उघडे असताना एकाची गेलेली बाजू दुसरा भरून काढतो, त्यामुळे पेशंटला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. तक्रारी विचित्र येतात. शिवणकाम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "सुई दिसते, पण सुईच्या मागचं कापड नाहीसं होतं." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. जवळच्या वस्तूवर नजर रोखली की तिच्या मागची जागा दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या भागात पडते, आणि तोच भाग गेलेला असतो. त्यांची पाळी वर्षभर अनियमित होती आणि डोकं दुखायचं. चष्मा मात्र तीनदा बदलून झाला होता.

हा दोष लवकर पकडायचा तर पाण्याच्या बाटलीचं लाल झाकण पुरतं. एक डोळा झाकून पेशंटला माझ्या नाकाकडे बघायला सांगते आणि झाकण कानाकडून हळूहळू मध्ये आणते. उभी रेष ओलांडताच "आता जास्त लाल दिसलं" असं दोन्ही डोळ्यांत म्हणाले, की एमआरआय लिहून देते. मशीनचा रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल असला तरीही.

एक फसवा प्रकार आहे. गाठ कायाझमच्या पुढच्या कडेला, जिथे एक नर्व्ह येऊन मिळते तिथे असेल, तर त्या डोळ्याची मधली नजर जाते आणि तक्रार एकाच डोळ्याची असते. दुसऱ्या, "चांगल्या" डोळ्याचा कानाकडचा वरचा कोपरा मात्र गुपचूप गेलेला असतो. म्हणून तक्रार एका डोळ्याची असली तरी फील्ड टेस्ट दोन्ही डोळ्यांची करायची.

५. फील्ड रिपोर्टवर दोन्ही डोळ्यांचा फक्त वरचा पाव भाग काळा आहे. हे कुठलं दुखणं?

दोन्ही चित्रांत काळा भाग एकाच बाजूला आहे का, ते आधी बघा. दोन्हीकडे कानाच्या दिशेला असेल तर प्रश्न ४ वाचा. दोन्हीकडे डावीकडेच असेल, तर बहुधा उजव्या ऑप्टिक रेडिएशनला इजा आहे.

या पंख्याचे खालचे तंतू सरळ मागे जात नाहीत. टेंपोरल लोबमध्ये आधी पुढे वळसा घेतात आणि मग मागे येतात. या वळशाला मेयरचा लूप म्हणतात. त्यात जगाचा वरचा भाग असतो. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूत गाठ झाली, किंवा फिट्सच्या आजारासाठी टेंपोरल लोबचं ऑपरेशन झालं, तर वरचा पाव भाग जातो. वरचे तंतू पॅरायटल लोबमधून जातात, तिथे इजा झाली की खालचा पाव भाग जातो. खालचं गेलेला पेशंट जास्त ठेचकाळतो, कारण पायरी, उंबरठा आणि रस्त्यावरचे खड्डे सगळे खालीच असतात.

६. फील्ड टेस्टमध्ये डावा अर्धा गेलाय, पण चार्ट पूर्ण वाचता येतो आणि डोळे नॉर्मल म्हणतात. असं कसं?

एका पेशंटवरून सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. निफाडकडचे ६२ वर्षांचे द्राक्षबागायतदार. बाजार समितीतून परतताना द्वारका चौकात त्यांच्या पिकअपचा डावा आरसा दुचाकीला घासला. दोन दिवसांनी घराच्या फाटकाला पुन्हा तोच आरसा लागला. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून घेतला. पाचव्या दिवशी मुलगा घेऊन आला. काका म्हणाले, "डाव्या डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं वाटतं. डोकं एक दिवस मागून ठणकलं होतं."

चार्ट दोन्ही डोळ्यांनी ६/६. टॉर्चने दोन्ही बाहुल्या नीट आकसत होत्या, पडदा आणि नर्व्ह स्वच्छ. इथपर्यंत तपासून कुणी "सगळं ठीक आहे" म्हणालं असतं.

मग मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसले. त्यांनी डावा डोळा झाकला, उजव्याने माझ्या नाकाकडे बघितलं. मी चारही कोपऱ्यांत आळीपाळीने एक, दोन किंवा पाच बोटं धरली. उजवीकडची लगेच सांगितली. डावीकडे मी पाच बोटं धरून थांबले, तर ते शांतपणे म्हणाले, "धरा ना बोटं." दुसऱ्या डोळ्यानेही तसंच. बायको त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. "मी हाक मारेपर्यंत यांना मी दिसतच नाही," त्या म्हणाल्या.

मशीनवर दोन्ही डोळ्यांचा डावा अर्धा भाग काळा आला. कड बरोबर उभ्या रेषेवर, आणि दोन्ही चित्रं जवळजवळ एकसारखी. मध्यबिंदूजवळ मात्र पाचेक अंशांचं अर्धवर्तुळ शाबूत होतं.

आता एकेक दुवा जोडा. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेलीय, म्हणजे इजा कायाझमच्या मागे. बाहुल्या नॉर्मल, म्हणजे बहुधा ठाण्याच्याही मागे, कारण बाहुलीचे तंतू आधीच वेगळे झालेत. ट्रॅक्टचा दोष असता तर बाहुल्यांमध्ये बऱ्याचदा फरक दिसला असता आणि दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांशी जुळली नसती, कारण तिथे दोन डोळ्यांचे तंतू अजून नीट शेजारी आलेले नसतात. ते जितके मागे जातील तितके जोडीजोडीने लागतात. चित्रं एकसारखी आहेत, मध्य शाबूत आहे आणि हातापायात अशक्तपणा नाही. उत्तर उजवा ऑक्सिपिटल लोब. एमआरआयमध्ये तेच निघालं, मागच्या मेंदूला रक्त देणाऱ्या पोस्टिरियर सेरेब्रल धमनीत गुठळी अडकली होती. मनगटाची नाडी अनियमित लागत होती, ईसीजीत एट्रिअल फिब्रिलेशन निघालं. गुठळी हृदयातून आली होती.

पहिल्या काही तासांत ते रुग्णालयात पोचले असते, तर गुठळी विरघळवण्याचा विचार करता आला असता. त्या इंजेक्शनची वेळ साधारण साडेचार तासांची असते. नजरेची एक बाजू अचानक गेली तर तो पक्षाघात समजा. हात-पाय चालतायत म्हणून थांबू नका, चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. चोवीस तास सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट जा.

७. अर्धी नजर गेली तरी मधला भाग का वाचतो?

ऑक्सिपिटल लोबच्या अगदी मागच्या टोकाला नजरेचा मध्यबिंदू असतो, आणि मधल्या दहाएक अंशांसाठी कॉर्टेक्सचा निम्म्याहून जास्त भाग खर्ची पडतो. त्या टोकाला पुष्कळ लोकांमध्ये दुसऱ्या धमनीचं, मिडल सेरेब्रलचं, रक्तही मिळतं. एक धमनी बंद पडली तरी टोक जगतं.

हा नकाशा युद्धातल्या जखमांनी दाखवला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात डोक्यातून गोळी आरपार गेलेले सैनिक तात्सुजी इनौये या जपानी नेत्रवैद्याने तपासले. गोळीचा मार्ग आणि नजरेतली रिकामी जागा यांची सांगड घालून त्याने १९०९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्सने तो नकाशा अधिक नेमका केला.

उलटंही घडतं. केवळ टोकालाच मार बसला, तर कडेचं सगळं दिसतं आणि मध्याच्या एका बाजूला दोन्ही डोळ्यांत सारखीच छोटी रिकामी जागा पडते. अशा माणसाला चालायला काही अडचण नसते, पण शब्दातली अक्षरं गळतात. डावीकडची जागा गेली असेल तर "नाशिक"चं "शिक" होतं.

८. अर्ध्या तासासाठी एका बाजूला झिगझॅग चमकलं आणि गेलं. हेही तेच का?

जागा तीच, कारण बहुधा वेगळं. अर्धशिशीत कॉर्टेक्सवरून एक लाट हळूहळू सरकते. म्हणून चमकणारी नागमोडी कड छोटी सुरू होऊन पसरत जाते, आणि वीस-तीस मिनिटांत विरते. पक्षाघातात चमक बहुधा नसते आणि नजर एकदम जाते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं झालं, किंवा एक तासानंतरही नजर भरली नाही, तर अर्धशिशी आहे असं धरून घरी बसू नका.

९. फील्ड रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो का?

बऱ्याचदा येतो. पहिली टेस्ट तर अर्धी शिकण्यातच जाते. वरची पापणी लोंबत असेल तर वरचा भाग काळा येतो, टेस्टच्या भिंगाची कड आड आली तर गोल काळी किनार येते. पेशंट दमला तर कडेचे बिंदू सुटतात. यातलं काहीही उभ्या रेषेवर अचूक थांबत नाही. जन्मतः तिरकी नर्व्ह असलेल्यांत दोन्ही कानांकडे काळेपणा दिसतो आणि गाठीची भीती वाटते. पण त्याची कड उभ्या रेषेपलीकडे सरकते आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

रिपोर्ट वाचताना चित्र पेशंटला दिसतं तसं असतं, उजवीकडचं उजवीकडे. खात्री करायची तर आंधळा ठिपका शोधा. तो मध्यापासून साधारण पंधरा अंशांवर, कानाच्या बाजूला असतो. तो काळा दिसणं नॉर्मल आहे. दर आठवड्याला कुणीतरी घाबरून त्याचाच फोटो पाठवतं.

स्वच्छ रिपोर्टही फसवतो. नेहमीची २४-२ टेस्ट मधले २४ अंश तपासते, नाकाकडे तेवढी ३० पर्यंत जाते. कानाकडचे ६० च्या पलीकडचे अंश फक्त त्याच बाजूच्या डोळ्याला दिसतात आणि ऑक्सिपिटल लोबच्या सर्वांत पुढच्या भागात पोचतात. तिथे इजा झाली तर कायाझमच्या मागचा दोष असूनही तो एकाच डोळ्यात असतो, आणि या टेस्टला पत्ताही लागत नाही. या पानावरच्या नियमाला हा खरा अपवाद आहे.

१०. आजीला काहीच दिसत नाही हे उघड आहे, पण ती "दिसतंय" म्हणते. हट्ट आहे का?

हट्ट नाही. दोन्ही ऑक्सिपिटल लोब बाद झाले, तर डोळे आणि बाहुल्या नॉर्मल राहून माणूस पूर्ण आंधळा होतो. काहींना त्याची जाणीवच होत नाही, मेंदू मनाने चित्र रचतो. याला अँटन सिंड्रोम म्हणतात. आजी खोलीचं वर्णन करेल, आणि उठताना खुर्चीला धडकेल. वाद घालू नका, लगेच रुग्णालयात न्या.

११. गेलेली बाजू परत येते का? चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर?

चष्म्याने आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनने ती बाजू येत नाही, कारण अडथळा भिंगात नाही. पिच्युटरीची गाठ वेळेत काढली तर नजर बऱ्याचदा भरून येते, कधी काही दिवसांतच. पक्षाघातानंतर जे सुधारतं ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, सहा महिन्यांनंतर क्वचितच. प्रश्न ६ मधल्या काकांचा खालचा कोपरा तीन महिन्यांत थोडा भरला, वरचा तसाच राहिला. पिकअप आता मुलगा चालवतो. नजर अर्धी असताना गाडी चालवायची नाही, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते.

१२. वडिलांना पेपर वाचताना पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. काय करावं?

त्यांची बहुधा डावी बाजू गेलीय. ओळ संपली की नजर डावीकडे फेकावी लागते, आणि तिथे काही नसतं. पानाच्या डाव्या समासावर लाल पट्टी उभी ठेवा, आणि "पट्टी दिसेपर्यंत मागे या" असं सांगा. उजवी बाजू गेलेल्यांची अडचण वेगळी असते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे पुढचा शब्द दिसतच नाही आणि वाचन अडखळतं. त्यांना ओळीखाली बोट किंवा पट्टी सरकवत वाचायला सांगा. काहींना पान थोडं तिरकं किंवा पार उभं फिरवून सोपं जातं, कारण मग ओळ शाबूत बाजूत येते. जेवताना ताट मध्याच्या थोडं चांगल्या बाजूला सरकवा. बोलायला बसाल तेव्हाही त्याच बाजूला बसा.